‘ml pthvl 60 ct GR la’: घाईतला मेसेज वहीत उतरवताना या चुका टाळा

नाशिककडच्या पिंपळगाव, गिरणारे, पंचवटी या भागात टोमॅटो-कांद्याचा धंदा करणाऱ्या कुठल्याही गाळ्यावर संध्याकाळी एक काम ठरलेलं असतं. दिवसभर ड्रायव्हर, शेतकरी आणि हमाल यांनी पाठवलेले मेसेज उघडायचे आणि ते वहीत नीट मराठीत उतरवायचे. मेसेज रोमन अक्षरांत असतात, त्यांतले स्वर गळालेले असतात आणि गावांची नावं एक-दोन अक्षरांवर आलेली असतात. उतरवणाऱ्याला बहुतेक सगळं कळतं, आणि चूक होते ती या ‘बहुतेक’मध्येच. जे अजिबात कळत नाही ते आपण विचारतो. जे कळलंय असं वाटतं ते मात्र सरळ लिहून मोकळे होतो.

ही सवय मुळात साध्या मोबाइलच्या काळातली आहे. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतली 160 अक्षरं मावायची, देवनागरीत लिहिलं तर फक्त 70. त्यात आकड्यांच्या बटणांवर एकेका अक्षरासाठी तीन-तीनदा दाबावं लागायचं. आता ती मर्यादा कुणाला आठवतही नाही, पण अंगठ्याला लागलेलं वळण तसंच आहे.

नेहमीच्या धाटणीचा एक मेसेज घेऊ आणि त्याच्यावरच सगळं बघू:

```
ml pthvl 60 ct GR la. p nhi dl. kl yto
```

पहिल्या नजरेत हा असा वाचला जातो: ‘माल पाठवला, 60 क्रेट, गंगापूर रोडला. पैसे नाही दिले. उद्या येतो.’ वाचायला गुळगुळीत, आणि वहीत गेला की खराच वाटणार. यात किमान तीन ठिकाणी अंदाज आहे आणि एकही अंदाज वहीत अंदाज म्हणून दिसणार नाही.

चूक पहिली: पूर्ण वाक्य एका दमात सोडवणं

एक शब्द लागला की त्याच्या जोरावर पुढचे शब्द आपोआप लागत जातात. म्हणून उलटं करा. प्रत्येक तुकडा सुटा घ्या आणि त्याची जेवढी वाचनं बसतात तेवढी आधी कागदावर मांडा. पटणारं एकच लिहून थांबू नका.

`ml` म्हणजे ‘माल’ किंवा ‘मला’. इथे 60 चा आकडा जवळच आहे आणि मोजायला काहीतरी वस्तू हवी. शिवाय ‘मला पाठवलं 60 क्रेट GR ला’ असं आपल्याकडे कुणी बोलत नाही. तेव्हा ‘माल’. हा तुकडा मेसेजमधल्या मजकुरानेच सुटला, बाहेरचं काही लागलं नाही. असं सुटलेलं बिनधास्त लिहावं.

`ct` म्हणजे क्रेट की कॅरेट? इकडे शेतकरी कॅरेट म्हणतो, व्यापारी क्रेट म्हणतो, काही जण जाळी म्हणतात. वस्तू एकच, साधारण 20 किलो टोमॅटोची. कुठलंही वाचन घेतलं तरी गाडीत भरायचं आणि हिशेबात धरायचं तेच राहतं. अशा शंकेवर वेळ घालवू नका. दोन अर्थ निघाले म्हणून लगेच विचारायचं नसतं. त्या दोन अर्थांनी आपलं पुढचं काम बदलत असेल तरच विचारायचं.

चूक दुसरी: क्रियापदाचा शेवट मनाने भरणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि लक्षही इथेच कमी जातं. मराठीत काळ, लिंग, वचन, आज्ञा की खबर, हे सगळं क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात बसलेलं असतं. व्यंजनांवरून क्रिया कुठली ते कळतं, पण ती झाली की व्हायचीय हे कळत नाही.

`pthvl` घ्या. ‘पाठवला’ होतं, ‘पाठवलं’ होतं आणि ‘पाठवेल’ही होतं. म्हणजे गाडी निघाली असेल, किंवा शेतकरी पुढे कधीतरी पाठवणार असेल. ‘माल पाठवेल 60 क्रेट’ हे वाक्य व्याकरणात तितकंच धडधाकट आहे. पुढचं `nhi dl` झालेल्या गोष्टीबद्दल आहे खरं, पण त्याने पहिला भाग सुटत नाही. माल जायच्या आधी आगाऊ रक्कम मिळाली नाही म्हणूनही माणूस असं लिहू शकतो.

आता `p nhi dl` बघा. `p` म्हणजे पैसे, पावती किंवा पट्टी. गाळ्यावर तिन्ही रोजचीच: पैसे रोकडे, पावती भाड्याची किंवा वजनाची, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. हे अक्षर एकटं असतं तरी चाललं असतं, कारण आपल्या क्रियापदाने उत्तर दिलं असतं. ‘दिले’ असेल तर पैसे, ‘दिली’ असेल तर पावती किंवा पट्टी. `dile` किंवा `dili` एवढं टाइप केलं असतं तरी निम्मा प्रश्न मिटला असता. `dl` लिहिल्यावर सोडवणारी खूणच गेली. नावाचं आद्याक्षर आणि क्रियापदाचा बोडका शेवट शेजारीशेजारी आले की तिथे अर्थ लावू नये, असा मी नियमच करून टाकलाय. पैसे राहिले असतील तर वसुलीचं काम निघतं, पट्टी राहिली असेल तर पैसे कदाचित आलेलेही असतात. वहीत ‘येणे बाकी’ लिहून बसलो तर चार दिवसांनी एका भल्या माणसाकडे नाहक तगादा जातो.

हीच गत `pthv` ची: ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवू?’ पहिली दोन आज्ञा आहेत, तिसरा प्रश्न आहे. प्रश्नचिन्ह टाकायची तसदी कोण घेतो!

चूक तिसरी: आद्याक्षरं आपल्या नकाशावरून सोडवणं

`GR` म्हटलं की कॉलेज रोडच्या बाजूला राहणाऱ्याला गंगापूर रोड आठवतो. तलाठी कार्यालयात काम करणाऱ्याला जीआर म्हणजे शासन निर्णय. टोमॅटोवाल्याला गिरणारे. गंमत अशी की गंगापूर रोडनेच पुढे गेलं की गिरणारे लागतं, त्यामुळे ‘गाडी त्याच रस्त्याला होती’ या पुराव्याचा इथे काही उपयोग नाही. माल बाजारात उतरला की शहरातल्या कुणा दुकानदाराकडे, एवढा मोठा फरक या दोन अक्षरांत आहे.

आद्याक्षर सोडवताना साक्षीदारांचा क्रम ठरवून घ्या. आधी त्याच माणसाचे जुने मेसेज. त्याने कधी `GR` लिहून पुढे गावाचं किंवा दुकानाचं नाव दिलंय का ते शोधा; मेसेजच्या शोधखिडकीत दोन अक्षरं टाकायला कितीसा वेळ लागतो? तिथे मिळालं नाही तर त्या धंद्यातली रूढ खूण बघा. शहराची रूढी सगळ्यात शेवटी. आपल्याला काय आठवतं हा पुरावाच नाही.

नाशिकमध्ये `NK` हा असाच एक सापळा आहे. रेल्वेच्या तिकिटावर तो नाशिक रोड स्टेशनचा कोड असतो. तीच अक्षरं लहान लिपीत `nk` अशी आली तर ‘नको’. आणि घाईतल्या काहींच्या हातून तेच ‘नक्की’ म्हणूनही येतं. ‘udya gadi nk’ यातून गाडी नको, गाडी नक्की आणि गाडी नाशिक रोडला असे तीन अर्थ निघतात, त्यातले पहिले दोन तर एकमेकांच्या विरुद्ध. होकार-नकार अडकलेला कुठलाही तुकडा अंदाजाने भरू नये, संदर्भ कितीही साफ वाटला तरी.

याच्या उलट बाजूला `CBS`. हे फोडायची गरजच नाही. नाशिककर तोंडाने सीबीएसच म्हणतात, ‘सेंट्रल बस स्टँड’ लिहून काही वाढत नाही. खरी शंका जुनं की नवं ही आहे, कारण नवं सीबीएस म्हणजे ठक्कर बाजार. लांब नाव लिहिल्याने ती मिटत नाही.

माणसांच्या आद्याक्षरांना तर हातच लावू नका. ‘RK kde thev’ यात आर. के. म्हणजे रविवार कारंजा हा भाग असेल, किंवा पाठवणाऱ्याचा कुणी ओळखीचा असेल. आपल्या फोनमध्ये त्या अक्षरांचा एकच माणूस आहे म्हणून पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही एकच असेल असं थोडंच आहे?

चूक चौथी: ‘हो’ म्हणता येईल असा प्रश्न विचारणं

उरला `kl yto`. ‘काल येतो’ होत नाही. ‘कळवून येतो’ ओढूनताणून होईल. हिंदीची सवय असलेल्या ड्रायव्हरचा ‘कल’ असेल तर उद्या. याच माणसाने आधी कधी `udya` लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर `kl` म्हणजे उद्या हे डळमळीत होतं. तरीही तो आला की कळणारच आहे, म्हणून इथे विचारायची घाई नाही. जसंच्या तसं ठेवा.

विचारायचं ते GR, `p` आणि गाडी निघाली का, एवढंच. तेही एकेक करून. ‘गंगापूर रोडला ना? पैसे राहिले ना?’ असं विचारलं की गाडी चालवणारा माणूस ‘ho’ लिहून टाकतो, आणि तो ‘हो’ कशाला होता ते त्यालाही ठाऊक नसतं. दोन्ही नावं पूर्ण लिहून निवड द्या: ‘भाऊ, माल गिरणारे बाजारात उतरवला की गंगापूर रोडवर?’ याला ‘हो’ हे उत्तर बसतच नाही. आलं, तर प्रश्न वाचलेला नाही हे तरी कळतं. आपण विचारताना स्वर गाळू नका, एवढं पथ्य पाळायला हवं.

उत्तर येईपर्यंत वहीत ओळ अशी ठेवावी: मूळ मेसेज अवतरणात, सुटलेला भाग मराठीत, न सुटलेला भाग पाठवणाऱ्याच्याच अक्षरांत आणि पुढे प्रश्नचिन्ह.

‘ml pthvl 60 ct GR la. p nhi dl. kl yto’: माल 60 क्रेट, pthvl (गेला / जाणार?), GR (?), p (पैसे / पावती / पट्टी?) nhi dl, kl येतो.

ओळ ओबडधोबड दिसते खरी. रात्री उत्तर आलं, ‘girnare. patti nhi dili. gadi geli’, की प्रश्नचिन्हांवर रेघ मारून शेजारी लिहायचं: गिरणारे, पट्टी बाकी, गाडी गेली. मूळ मेसेज खोडायचा नाही. `kl` वरची शंका तशीच राहिली तरी चालेल, आणि येणे बाकीच्या रकान्यात काहीच लिहायचं नाही, कारण पैशांबद्दल त्याने अजून एक शब्दही सांगितलेला नाही.