फ्रिजची तक्रार : कागद जमवण्याआधी लिहायला बसू नका

वॉरंटीतला फ्रिज थंड होईना की बहुतेक लोक रागाच्या भरात कंपनीला लांबलचक ईमेल पाठवतात : 'तुम्ही सदोष माल विकला, पैसे परत करा.' पण माल सदोष आहे असं म्हटलं की ते सिद्ध करण्याचा भार म्हणणाऱ्यावर येतो. सेवेतली त्रुटी तक्रारदारानेच दाखवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या निकालात सांगितलं आहे. तुमच्या मूलभूत गोष्टी कागदावर नसतील, तर कंपनीला काहीही सिद्ध करावं लागत नाही.

मात्र हा भार शेवटपर्यंत तुमच्याच डोक्यावर राहत नाही. वस्तू कधी व कितीला घेतली, वॉरंटीत बिघडली आणि तुम्ही वेळेत कळवलं, एवढं तुम्ही दाखवलंत आणि त्यावर कंपनी म्हणाली, 'व्होल्टेज कमीजास्त झाल्याने बिघाड झाला, तो वॉरंटीत बसत नाही', तर ते तिचं म्हणणं झालं. ते तिनेच दाखवायला हवं. 'कसं काय?' हे विचारण्याची ताकद मात्र तुमच्या कागदांतून येते.

समजा, 32,000 रुपयांचा फ्रिज मार्चमध्ये घेतला, एक वर्षाची वॉरंटी आहे. जुलैत थंडावा गेला, मेकॅनिकने गॅस भरला. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, पुन्हा गॅस. ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा आलेला मेकॅनिक म्हणाला, 'तुमच्या घरचं व्होल्टेज खराब आहे.' इथे निर्णायक गोष्ट गॅसची आहे. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, वापराने संपत नाही. तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि व्होल्टेजने कॉम्प्रेसरची मोटर किंवा सर्किट बोर्ड जळू शकतो. नळीला भोक पडण्याचं ते कारण नव्हे. मेकॅनिकच्या भेटीची नोंद असलेल्या पहिल्या दोन जॉब शीटवर 'गॅस भरला' असं लिहिलेलं असेल, तर कंपनीचा बचाव तिच्याच कागदांशी विसंगत ठरतो.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. मेकॅनिक 'काम झालं, ओटीपी सांगा' म्हणतो आणि आपण सांगून टाकतो. कंपनीच्या नोंदीत तक्रार 'समाधानकारकरीत्या बंद' होते, तीही तुमच्या संमतीने. ओटीपी देण्याआधी फ्रिज काही तास चालू द्या, थंडावा पाहा, आणि जॉब शीटवर तक्रार काय, काय तपासलं, कोणता भाग बदलला, किती गॅस भरला हे लिहून घ्या. मेकॅनिक कागद देत नसेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा : 'आज तुमचे तंत्रज्ञ आले, गॅस भरून गेले, तक्रार क्रमांक अमुक.' कंपनीने त्याचं खंडन केलं नाही, तर ती नोंदही कामी येते.

दुसरी चूक : कंटाळून बाहेरच्या मेकॅनिककडून फ्रिज उघडून घेणं. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तपासणीची फी तक्रारदाराला भरावी लागते. वस्तू आधीच उघडलेली, दुरुस्त केलेली असेल तर तपासायला उरलं काय? आणि बिघाड त्यानेच केला, असं म्हणायला कंपनीला आयतं कारण मिळतं. पर्यायच नसेल तर आधी कंपनीला लेखी कळवा, फोटो-व्हिडिओ काढा आणि काढलेला भाग जपून ठेवा.

लिहायला बसण्याआधी फाइलमध्ये ठेवा : जीएसटी क्रमांक असलेलं बिल, पैसे दिल्याची बँकेतली नोंद, मालिका क्रमांकाच्या लेबलचा फोटो, वॉरंटीच्या अटींचं पूर्ण पान (फक्त कार्ड नव्हे, वगळलेल्या गोष्टींची यादीही), सगळे जॉब शीट आणि तक्रार क्रमांकांचे एसएमएस. छपाईचं बिल थर्मल कागदावर असेल तर अक्षरं काही महिन्यांत उडतात, आजच स्कॅन करा. व्हॉट्सॲप संवादाचे नुसते स्क्रीनशॉट पुरेसे मानू नका. तारीख आणि नंबर दिसतील असे घ्या, आणि मूळ संवाद ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. मूळ कागद सर्व्हिस सेंटरला कधीच देऊ नका, प्रत द्या.

मग एका पानावर तारीखवार नोंद करा : तारीख, काय झालं, कोणता कागद. ज्या ओळीपुढे कागद नाही ती तुमची कमकुवत जागा. तिथे आधी ईमेल पाठवून पुरावा तयार करा किंवा ते विधान कंपनीला पाठवायच्या नोटिशीतून काढा. नोटिशीत 'उत्पादनातच दोष' असं ठासून लिहू नका, कारण त्यासाठी बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. 'वॉरंटीत दोनदा दुरुस्ती होऊनही दोष गेला नाही' हे तुमच्या कागदांनी सिद्ध होतं, तेवढंच लिहा. 'लाइट गेली होती, कदाचित त्यामुळे असेल' अशी स्वतःची शंकाही लिहू नका. ती उद्या कबुली म्हणून वाचली जाईल.

मुदत लक्षात असू द्या : तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही, त्यामुळे जुलैच्या पहिल्या बिघाडापासूनच मोजा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.