लेबल नाही म्हणजे व्हिडिओ खरा? एआय व्हिडिओ तपासताना या चुका टाळा

फॅमिली ग्रुपवर एखादा व्हिडिओ आला की हल्ली कुणीतरी हमखास लिहितं, "एआयचा असता तर खाली लिहून आलं असतं ना!" नियमाचा आधार घ्यायचा तर हे चुकीचं नाही. 20 फेब्रुवारी 2026 पासून भारतात खरा भासणारा कृत्रिम व्हिडिओ किंवा आवाज ठळक लेबल लावूनच दाखवायचा, असं बंधन आलंय. 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मनी व्हिडिओ टाकणाऱ्याकडून "हे कृत्रिम आहे का?" याची कबुली घ्यायची आणि ती तपासायचीही. पण नियम असणं वेगळं आणि तुमच्या हातातल्या फाइलवर लेबल टिकून असणं वेगळं. बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात.

चूक पहिली: लेबल कुठून येतं हे न पाहता त्याच्यावर विसंबणं

लेबल तीन वाटांनी येतं, आणि तिन्ही वाटांवर ते हरवू शकतं.

पहिली वाट कबुलीची. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना स्टुडिओमध्ये विचारलं जातं: खऱ्या माणसाच्या तोंडी त्यानं न म्हटलेलं काही घातलंय का, खऱ्या घटनेचं किंवा जागेचं चित्रण बदललंय का, न घडलेला पण खरा वाटेल असा प्रसंग बनवलाय का? "हो" म्हटलं की लेबल लागतं. 2024 च्या मार्चपासून ही सोय आहे. यूट्यूब काही वेळा स्वतःहूनही लेबल लावतं, पण मुख्य भिस्त टाकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर. ज्याला फसवायचंच आहे तो "हो"वर टिचकी कशाला मारेल?

दुसरी वाट फाइलमधल्या नोंदीची. अ‍ॅडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल वगैरेंनी 2021 मध्ये सी-टू-पीए नावाची मंडळी जमवली आणि तिनं एक पद्धत ठरवली. कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर फाइलमध्ये सहीशिक्क्यासह नोंद घालतं: कशानं बनलं, कधी बनलं, नंतर काय बदललं. फाइल contentcredentials.org/verify वर टाकली की ही नोंद वाचता येते. कुणी गुपचूप छेडछाड केली तर सही जुळत नाही. इथपर्यंत छान. पण नोंदीत खाडाखोड करणं अवघड असलं, तरी ती अख्खी काढून टाकणं अगदी सोपं आहे. स्क्रीन रेकॉर्डिंग केलं की नोंद गेली. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, तिथेही गेली. म्हणजे ज्या फॉरवर्डबद्दल आपल्याला शंका असते, नेमकं त्याच्यातच नोंद सापडण्याची आशा सगळ्यात कमी.

यावर एक साधा उपाय आहे. पाठवणारा ओळखीचा असेल आणि मूळ फाइल त्याच्याकडे असेल, तर ती व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून मागा. तशी फाइल दाबली जात नाही, जशीच्या तशी येते. मग तपासण्यात काही अर्थ उरतो.

तिसरी वाट खुणेची. ओपनएआयच्या सोरानं बनलेल्या व्हिडिओवर फिरता लोगो दिसायचा. तो पुसून देणारी साधनं काही दिवसांतच निघाली. गूगलचं सिंथआयडी मात्र डोळ्यांना न दिसणारी खूण चित्राच्या बिंदूंमध्येच मिसळतं, त्यामुळे फाइल दाबली तरी ती बऱ्यापैकी टिकते. तिची मर्यादा अशी की ती गूगलच्या साधनांनी आणि जिथे ती वापरली जाते तिथेच बनलेल्या मालावर असते. खूण सापडली तर पक्कं उत्तर मिळालं. नाही सापडली तर एवढंच कळलं की ही खूण नाही.

चूक दुसरी: लेबल दिसलं की "खोटं" म्हणून मोकळं होणं

मेटानं 2024 च्या मे महिन्यात फोटोंवर "Made with AI" असं लेबल लावायला सुरुवात केली आणि छायाचित्रकार भडकले. व्हाइट हाउसचे माजी छायाचित्रकार पीट सूझा यांनी बास्केटबॉल सामन्याचा फिल्मवर काढलेला जुना फोटो टाकला, तर त्यालाही तेच लेबल! फोटो दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बारीकशा कामासाठी एआय वापरतं, तशी नोंद फाइलमध्ये करतं आणि ती वाचून प्लॅटफॉर्म अख्ख्या फोटोवर शिक्का मारतं, असा तो घोळ होता. जुलैमध्ये मेटानं शब्द बदलून "AI info" केले.

तेव्हा लेबल दिसलं की त्यात नेमकं काय म्हटलंय ते वाचा. यूट्यूबवर ते बहुतेकदा वर्णनाची घडी उघडल्यावरच दिसतं. आरोग्य, बातम्या, निवडणूक, पैसा अशा विषयांवर मात्र थेट व्हिडिओवर येतं. मोबाइलवर "आणखी" न दाबता "लेबल नाही" म्हणणारे कितीतरी जण आहेत. याच्या उलट टोकाचं लेबल म्हणजे "Captured with a camera". व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपला आणि त्यातली दृश्यं-आवाज बदलले नाहीत, एवढंच ते सांगतं. कॅमेऱ्यासमोर उभा माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय, हे कुठलंच लेबल सांगत नाही.

चूक तिसरी: बोटं मोजत बसणं

सहा बोटं, न मिटणाऱ्या पापण्या, वितळल्यासारखे दात. या खुणा जुन्या झाल्या. त्या दिसल्या तर उत्तमच, पण दिसल्या नाहीत म्हणून व्हिडिओ खरा ठरत नाही. त्यापेक्षा कामाच्या दोन जागा सांगतो.

पहिली जागा ओठ. प, ब, भ, म म्हणताना दोन्ही ओठ मिटावेच लागतात, त्याशिवाय तो वर्ण निघतच नाही. संशोधक हॅनी फरीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये नेमक्या याच गोष्टीवर डीपफेक पकडण्याची पद्धत मांडली होती. जुन्या मुलाखतीवर नवा आवाज चढवून ओठ हलवले असतील, तर "पैसे", "बँक", "मोबाइल" म्हणताना ओठ मधे उघडेच राहतात का ते बघा. वेग अर्धा करा, आवाज चालू ठेवा आणि फक्त तोंडाकडे बघा. 2024 च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरच्या तोंडी एका गेमिंग ॲपची जाहिरात घातलेला व्हिडिओ फिरत होता. त्यानं स्वतः एक्सवर तो खोटा असल्याचं सांगितलं आणि मुंबईत पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. अशा जाहिरातींत चेहरा, खुर्ची, मागची भिंत सगळं खरंच असतं, बदललेलं असतं ते तोंडाभोवतीचं आणि आवाज. म्हणून "अहो, हा तर खरंच सचिन आहे" हे निरीक्षण बरोबर असूनही उपयोगाचं नसतं. याला मर्यादाही आहे: व्हिडिओ फार धुरकट असेल, डब केलेला असेल किंवा आवाज मागेपुढे झाला असेल, तर खऱ्या व्हिडिओतही ओठ जुळत नाहीत.

दुसरी जागा जोडाची. चेहरा जिथे चौकटीत येतो किंवा हाताआड जातो, तिथे बदललेला चेहरा सटकतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये रश्मिका मंदानाचा म्हणून गाजलेला लिफ्टचा व्हिडिओ आठवा. काळ्या कपड्यांतली तरुणी लिफ्टमध्ये शिरते. पहिल्या सेकंदाभरात तिचा स्वतःचा चेहरा दिसतो आणि ती पुरती आत येते तोवर तो रश्मिकाचा होतो. चालत्या व्हिडिओत डोळा फसतो, थांबवून पाहिलं तर दोन वेगळ्या बायका दिसतात.

हे घरी करून बघता येतं. संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवा आणि `.` दाबा, एकेक फ्रेम पुढे सरकते. `,` दाबली की मागे. चेहरा स्पष्ट दिसणारी आणि आजूबाजूची जागा दिसणारी अशा दोन-तीन फ्रेमचे स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका. चेहरा कापून फक्त कपडे आणि पार्श्वभूमी ठेवलेला एक स्क्रीनशॉटही टाका, कारण चेहरा प्रसिद्ध असला की लेन्स त्या व्यक्तीचे हजार फोटो दाखवत बसतं. लिफ्टच्या प्रकरणात तपासणारे पोहोचले ते मूळ व्हिडिओपर्यंत: ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या एका तरुणीनं तो ऑक्टोबरमध्येच आपल्या इन्स्टाग्रामवर टाकला होता. मूळ सापडलं की वाद संपतो. "एआय 87 टक्के" असं सांगणाऱ्या वेबसाइटनं तो संपत नाही, कारण दाबलेल्या, कापलेल्या फाइलवर या साधनांचं उत्तर डळमळतं. तीच क्लिप दुसऱ्या वेबसाइटवर टाकली की आकडा बदलतो.

पूर्ण कृत्रिम व्हिडिओला मात्र मूळच नसतं. तिथे लांबी बघा. ही साधनं अनेकदा 8-10 सेकंदांचेच तुकडे देतात. दर 8 सेकंदांनी कट, आणि प्रत्येक कटनंतर दुकानाची पाटी किंवा शर्टाचं बटण बदललेलं, असं दिसलं की संशय घ्यावा. एवढ्यावर निकाल देऊ नये.

चूक चौथी: फक्त एआयच शोधणं

मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. अमेरिकेतल्या राजकीय नेत्या नॅन्सी पेलोसींचा 2019 मधला व्हिडिओ घ्या: भाषणाचा वेग साधारण 75 टक्क्यांवर आणला, आणि त्या प्यायल्यासारख्या बोलताहेत असं लोकांना वाटलं. त्यात एआय औषधालाही नव्हतं. आपल्याकडे तर वेग बदलण्याचीही गरज पडत नाही. दुसऱ्या राज्यातल्या जुन्या पुराचा व्हिडिओ "आज सकाळी, कोल्हापूर" असं लिहून पाठवला की काम झालं. वाक्याचा पुढचा अर्धा भाग कापला की पुढाऱ्याचा सूर उलटा होतो. या कशावरही एआयचं लेबल लागणार नाही आणि लागायलाही नको.

इथे उलटा शोध घ्यायचा. बोललेलं एखादं ठळक वाक्य आणि जागा टाकून पूर्ण भाषण शोधा, कापलेल्या तुकड्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक मिनिट ऐका. पुराच्या व्हिडिओत दुकानांच्या पाट्यांची लिपी, वाहनांच्या नंबरप्लेटवरची पहिली दोन अक्षरं बघा. कोल्हापूरच्या गाड्यांवर एमएच 09 असतं. रांगेनं केएल किंवा टीएन दिसत असेल तर वेगळं काही तपासायची गरजच पडत नाही.

व्हिडिओ पैशांशी संबंधित असेल, शेअरच्या टिपा, ॲप, "सरकारी योजना", तर खरंखोटं ठरेपर्यंत लिंक दाबू नका. पैसे गेलेच असतील तर आधी 1930 वर फोन करा, मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्हिडिओची लिंक, तो टाकणाऱ्या खात्याचं नाव आणि स्क्रीनशॉट आधीच जपून ठेवा, कारण प्लॅटफॉर्मनं तो काढून टाकल्यावर तक्रारीला जोडायला तुमच्याकडे काही उरत नाही.