भिंगाच्या नाभीय प्रतलात चित्र गाळताना या चुका टाळा

भिंग फूरियर रूपांतर करते, हे वाक्य विद्यार्थी पाठ करून प्रयोगशाळेत येतात आणि पहिल्याच दिवशी अडकतात. त्याचा अर्थ एवढाच की चित्रातल्या प्रत्येक वारंवारतेचा, म्हणजे दर मिलिमीटरमधल्या आवर्तनांच्या संख्येचा, प्रकाश नाभीय प्रतलात वेगळ्या ठिकाणी जमतो; तिथे नको तो प्रकाश अडवणे म्हणजे चित्र गाळणे, आणि अडवणारी फट, छिद्र किंवा ठिपका म्हणजे गाळणी. बिघाड बहुतेक वेळा भिंगात नसतो आणि लेसरमध्येही नसतो. त्याच त्या चार-पाच चुका होत राहतात आणि त्यांपैकी दोन इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

उदाहरणासाठी एकच मांडणी धरून चालू. ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा हेलियम-निऑन लेसर, त्याचा रुंद केलेला २० मिलिमीटर व्यासाचा समांतर झोत, दर मिलिमीटरला १० तारा असलेली बारीक जाळी, तिच्यापासून ३०० मिलिमीटरवर ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे पहिले भिंग, त्यापुढे ३०० मिलिमीटरवर गाळणीची जागा, आणि पुन्हा तेवढ्याच अंतरांवर दुसरे भिंग व पडदा. तरंगलांबी λ, भिंगाचे नाभीय अंतर f आणि जाळीतील तारांचे अंतर d असेल, तर गाळणीच्या जागी प्रकाशाचे ठिपके x = λf/d इतक्या अंतरावर पडतात; आपल्या मांडणीत हे अंतर १.९ मिलिमीटर येते. हा आकडा मांडणी करण्याआधीच वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे काही बिघडले तर पट्टी लावून तपासण्यासारखी ती पहिली गोष्ट असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भिंगापासून मोजपट्टीने ३०० मिलिमीटर मोजायचे आणि तिथे गाळणी ठोकून द्यायची. रूपांतराचे प्रतल भिंगावर छापलेल्या आकड्याने ठरत नाही. ज्या बिंदूतून प्रकाश निघाला त्या बिंदूची प्रतिमा जिथे पडते, तिथे ते प्रतल असते. झोत खरोखर समांतर असेल, तरच ती प्रतिमा नाभीत पडते.

एकदा दोन विद्यार्थी सलग दोन दुपारी या मांडणीशी झगडत होते. त्यांनी १ मिलिमीटर रुंदीची आडवी फट गाळणीच्या जागी लावली होती आणि पडद्यावर फक्त उभ्या तारा दिसाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात चित्राचा वरचा आणि खालचा भाग काळा पडत होता आणि मधल्या पट्ट्यातच काय ते दिसत होते. "सर, भिंगच खराब आहे, दुसरे द्या," असे ते म्हणाले. मी जाळी काढायला सांगितली आणि गाळणीच्या जागी पांढरा कागद धरला. तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसायला हवा होता, पण सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचा गोल डाग दिसला. मग कागद हळूहळू मागे सरकवत गेलो, तेव्हा सर्वांत बारीक ठिपका भिंगापासून सुमारे ३५३ मिलिमीटरवर मिळाला.

कारण साधे होते. झोत समांतर करणारे भिंग कोणीतरी किंचित सरकवले होते, त्यामुळे प्रकाश पहिल्या भिंगापासून २ मीटर मागच्या बिंदूतून निघाल्यासारखा पसरत येत होता. भिंगाच्या सूत्रात २००० आणि ३०० घातले की प्रतिमा ३५३ मिलिमीटरवरच येते. जाळीपासून भिंगापर्यंत हा झोत १७ मिलिमीटरचा २० मिलिमीटर होत होता, आणि तीन मिलिमीटरचा फरक त्यांच्या डोळ्यांना जाणवला नव्हता. ३०० मिलिमीटरवर ३ मिलिमीटरचे डाग एकमेकांपासून १.९ मिलिमीटरवर पडत होते, म्हणजे ते एकमेकांवर चढलेले होते. त्यांची फट वारंवारता निवडत नव्हती, ती चित्रच कापत होती. फट ३५३ मिलिमीटरवर नेल्याबरोबर ठिपके सुटे झाले आणि पडदाभर स्वच्छ उभ्या रेषा उमटल्या. जाळी भिंगाच्या पुढच्या नाभीतच असल्यामुळे ठिपक्यांमधले अंतर तिथेही १.९ मिलिमीटरच भरले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे: जाळी न लावता आधी ठिपका शोधायचा, गाळणीचा स्टँड तिथे पक्का करायचा आणि मगच जाळी लावायची. त्यानंतर दाढीच्या पात्याची धार बाजूने हळूहळू ठिपक्यात सरकवायची. पाते योग्य प्रतलात असेल, तर पडद्यावरचा उजेड सगळीकडे एकदम मंदावतो. एका बाजूने सावली सरकत आली, तर पाते पुढे किंवा मागे आहे, आणि या दोन बाजूंना सावलीची दिशा उलट असते. या तपासणीला दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे वाचवणाऱ्यांचे दोन दिवस जातात, आणि तरीही मोजपट्टीवरच भिस्त ठेवणारे दर वर्षी भेटतात याचे मला मनापासून वाईट वाटते. खरा उपाय अर्थातच झोत पुन्हा समांतर करणे हा आहे. भिंगाऐवजी सपाट आरसा ठेवून परतलेला प्रकाश, झोत जिथून पसरायला लागतो त्या सुरुवातीच्या बारीक छिद्रावर म्हणजे पिनहोलवर, पुन्हा बारीक जमतो का, ते मी पाहतो.

दिशेचा घोळही नेहमीचा आहे. उभ्या तारांमुळे ठिपके आडव्या ओळीत पडतात. म्हणून आडवी फट लावली की उभ्या तारा राहतात आणि आडव्या नाहीशा होतात. हे उलट वाटले म्हणून फट फिरवू नये.

दुसरी मोठी चूक मधला ठिपका अडवताना होते. मधला ठिपका म्हणजे चित्राचा सरासरी उजेड, तो काढला की मागची उजळ पार्श्वभूमी जाईल आणि रेषा काळ्यावर पांढऱ्या उठून दिसतील, अशी समजूत असते. ही समजूत अर्धवट आहे, कारण गाळणी तीव्रता वजा करत नाही, ती प्रकाशतरंगाचा आयाम, म्हणजे तरंगाची उंची, वजा करते, आणि पडदा किंवा कॅमेरा आयामाचा वर्ग पाहतो.

सोय म्हणून एकाच दिशेच्या रेषांचे जालक घ्या. त्यात मोकळ्या जागेचा वाटा ०.७ आणि काळ्या रेषांचा ०.३ आहे असे धरू. मोकळ्या जागी आयाम १, रेषेवर ०, म्हणून सरासरी ०.७. मधला ठिपका अडवला की ही सरासरी सगळीकडून वजा होते: मोकळ्या जागी ०.३ उरतो आणि रेषेवर उणे ०.७. वर्ग केला की मोकळी जागा ०.०९ आणि रेषा ०.४९. म्हणजे ज्या रेषा काळ्या होत्या त्याच आता पाचपटीहून अधिक उजळ दिसतात. हा बिघाड नाही, हेच बरोबर उत्तर आहे.

आता मोकळी जागा आणि रेषा अगदी समान असतील तर काय होईल? दोन्हीकडे ०.५ आणि उणे ०.५ उरतात, वर्ग दोन्हीकडे ०.२५ येतो आणि रेषा नाहीशा होतात. फक्त प्रत्येक कडेवर, जिथे आयाम अधिकाकडून उण्याकडे शून्यातून जातो, तिथे बारीक काळी रेघ उरते. कडा मोजल्या तर मूळ रेषांच्या दुप्पट भरतात, आणि नवखा विद्यार्थी आपल्याकडे चुकून दुसरे जालक आले असे मानून बसतो. मी प्रत्येकाला आधी मोकळ्या जागेचा वाटा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला लावतो आणि काय दिसेल ते कागदावर लिहायला लावतो. जे दिसेल त्याचे कारण नंतर शोधू, ही घाई इथे फसवते, कारण उलटलेल्या चित्राला कारणे कितीही जोडता येतात.

अडवण्यासाठी काचेवर शाईचा सुमारे ०.३ मिलिमीटरचा ठिपका पुरतो. आपल्या मांडणीत मधला ठिपका सुमारे ०.०२ मिलिमीटरचा आहे आणि शेजारचा १.९ मिलिमीटरवर आहे, त्यामुळे दोन्हीकडे भरपूर जागा राहते.

एक चूक नावाच्या सारखेपणातून होते. लेसरचा झोत स्वच्छ करणाऱ्या २५ मायक्रॉनच्या पिनहोललाही अवकाशीय गाळणी म्हणतात, म्हणून तेच पिनहोल चित्र गाळायला वापरले जाते. एखाद्या छायाचित्राच्या फिल्मवर दर मिलिमीटरला १० रेषांची जाळी छापलेली आहे, ती काढून फक्त चित्र ठेवायचे आहे, असे समजा. २५ मायक्रॉनच्या छिद्रातून या मांडणीत सुमारे १५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या आवर्तनाचे तपशीलच जातात, म्हणजे २० मिलिमीटरच्या चित्रातून नुसता अस्पष्ट उजेड उरतो. इथे सुमारे १.५ मिलिमीटरचे छिद्र हवे. ते शेजारच्या ठिपक्यांचे केंद्र अडवते आणि दर मिलिमीटरला सुमारे ४ आवर्तनांपर्यंतचा तपशील चित्रात राहू देते. जाळीसोबत त्याहून बारीक तपशीलही जातो, ही किंमत द्यावीच लागते.

पडदा कुठे ठेवायचा, यातही फसगत होते. लेसरच्या प्रकाशात जाळीची प्रतिमा दर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा स्पष्ट दिसते. तारांचे अंतर ०.१ मिलिमीटर असेल, तर दर ३१.६ मिलिमीटरला, आणि मधल्या निम्म्या अंतरावरही अर्ध्या आवर्तनाने सरकलेली. म्हणून जाळीवर लक्ष ठेवून पडदा लावणारे सहज चुकीच्या जागी समाधान मानतात. मी जाळीवर एक केस चिकटवतो, जाळीआधी घासलेली काच फिरवत ठेवतो, त्या पसरट प्रकाशात केसाची कड स्पष्ट होईल तिथे पडदा पक्का करतो, आणि मग घासलेली काच काढून टाकतो. हे सगळे गाळणी न लावता करायचे.

भिंग एका बाजूने सपाट असेल, तर पहिल्या भिंगाची फुगीर बाजू जाळीकडे ठेवावी. काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे प्रत्येक वेळी पुसावेत, कारण अशा प्रकाशात प्रत्येक कणाभोवती कडी उमटतात.

ठिपके मोठे पाहण्यासाठी नाभीय प्रतलात नेत्रिका लावून डोळा कधीही टेकवू नये, कारण मधल्या ठिपक्यात झोताचा मोठा वाटा एकवटलेला असतो. ठिपके पांढऱ्या कागदावर पाहावेत, किंवा उजेड कमी करणारी काच लावून कॅमेऱ्यात पाहावेत. कॅमेऱ्यात मधला ठिपका पांढराफटक पडत असेल, तर बाजूचे ठिपके मोजण्याआधी एक्सपोजर कमी करावे. नाहीतर फुगलेल्या डागाचे केंद्र सरकते आणि १.९ मिलिमीटरचा आकडा जुळत नाही.