मोठ्या माणसाच्या कांजिण्या: पहिल्याच दिवशी होणाऱ्या चुका

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. यंत्रमागावर काम करणारा पस्तिशीतला एक जण अक्कलकोटला बहिणीकडे जाऊन आला. तिथं भाच्याला कांजिण्या होत्या. भाचा आठवड्यात खेळायला लागला, पण पंधरा दिवसांनी मामाला ताप भरला आणि छातीवर पाण्याच्या थेंबासारखे फोड उठले. घरातली मोठी माणसं म्हणाली, "देवी आलीय, औषध द्यायचं नसतं." कडुलिंबाचा पाला अंथरला, झालं. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा चार पायऱ्या चढूनच त्याला धाप लागली होती.

पोराचं आपोआप बरं झालं म्हणून मोठ्याचंही होईल, ही पहिली चूक. मोठ्यांना फोड जास्त येतात, ताप चढा असतो आणि विषाणू फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होण्याची भीती मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला आणि गरोदर बाईला तर अधिकच. कोरडा खोकला, धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं, तर घरी थांबू नका.

दुसरी चूक औषधाच्या वेळेची. असायक्लोव्हिर विषाणूची वाढ रोखतं, म्हणून वाढ जोरात असते तेव्हाच त्याचा खरा उपयोग. पहिला फोड दिसल्यापासून २४ तासांत डॉक्टर गाठा. मोठ्यांना साधारणपणे ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून ती दुकानातून परस्पर आणू नये. आमच्या रुग्णाची ती वेळ टळली होती. मात्र न्यूमोनिया झाल्यावर उशीर झाला तरी शिरेतून औषध देतातच. त्याला त्याच दिवशी दाखल केलं. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा.

मी विचारलं, "चाळीत कोणी गरोदर आहे का?" शेजारच्या सूनबाईंना पाचवा महिना होता. फोड येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या त्याच खोलीत तासभर मालिका बघत बसल्या होत्या. घरच्यांना वाटत होतं, तेव्हा फोड नव्हते, मग काय धोका? पण फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत हा आजार पसरतो. म्हणून लाजून शेजारणीपासून लपवू नका, त्याच दिवशी सांगा.

पूर्वी कांजिण्या झाल्या होत्या का, हे त्यांच्या आईलाही आठवेना, म्हणून रक्तातली प्रतिपिंडं तपासली. ती नसती तर तयार प्रतिपिंडं असलेलं इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन संपर्कापासून दहा दिवसांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, द्यावं लागलं असतं. ते मिळालं नाही तर सातव्या दिवसापासून असायक्लोव्हिर देण्याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ घेतात. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात चालत नाही, कारण तिच्यात जिवंत विषाणू असतो.

सूनबाईंच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली. तोवर पाच दिवस त्यांच्या सासूबाईंना झोप नव्हती.