शब्दशः भाषांतर तपासताना : कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या चुका

इंग्रजी उताऱ्याचे मराठी भाषांतर तपासायला घेतले की बहुतेक जण आधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवतात. माझ्या मते पहिले वाचन मूळ उतारा बाजूला ठेवूनच करावे, कारण तो समोर असला की त्याची रचना डोळ्यांत राहते आणि बिघडलेले मराठी वाक्यही बरोबर वाटू लागते. हा नमुना पाहा :

‘समितीद्वारे तो अहवाल नाकारला गेला, जो सचिवाद्वारे तिच्या कार्यालयात तयार केला गेला होता. तिला पुढच्या बैठकीत बोलावली गेली आणि तिने तिचे स्पष्टीकरण दिली.’

यातील सर्वांत गंभीर चूक क्रियापदाची आहे. ‘ती’ स्त्री आहे म्हणून भाषांतरकाराने ‘बोलावली’ आणि ‘दिली’ असे लिहिले, कारण इंग्रजीत क्रियापदाचा मेळ कर्त्याशीच असतो. मराठीत मात्र कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्माकडे पाहते. ‘स्पष्टीकरण’ नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘दिले’ हवे. कर्मालाच ‘ला’ लागला असेल, तर क्रियापद कोणाचेही लिंग न घेता नपुंसकलिंगी एकवचनात राहते, म्हणून ‘तिला बोलावले’. तपासताना भूतकाळी वाक्यांतील प्रत्येक ‘ने’ आणि ‘ला’ अधोरेखित करावा, आणि मग क्रियापद नेमके कोणाशी जुळते ते पाहावे. कर्म बदलूनही पडताळा घेता येतो : ‘तिने उत्तर दिले’, पण ‘तिने माहिती दिली’.

‘द्वारे’ आणि ‘गेला’ यांची जोडी दिसली आणि कर्ता ठाऊक असला, तर त्याला सरळ ‘ने’ लावावा. कर्ता मुळातच सांगितलेला नसेल, तर तो आपण पदरचा घालू नये. तेथे ‘बोलावण्यात आले’ ही रचना योग्य ठरते.

वाक्याच्या शेवटी लोंबणारा ‘जो’ सहसा ‘तयार केलेला’सारख्या विशेषणात मिटतो.

‘तिच्या’ आणि ‘तिचे’ यांपाशी मात्र मूळ उतारा पुन्हा उघडावाच लागतो. कर्ता आणि मालक एकच असतील, तर मराठीत ‘आपला’ येतो. ‘तिने तिचे स्पष्टीकरण दिले’ असे म्हटल्यास ते दुसऱ्याच बाईचे असावे, अशी शंका येते. इंग्रजी सर्वनाम हा भेद दाखवत नाही, त्यामुळे निर्णय संदर्भावरून घ्यावा लागतो. ‘आपला’ वाचून लिहिणारा वाचकाला सामील करून घेत आहे असे वाटत असेल, तर ‘स्वतःचा’ लिहावे.

दुरुस्तीनंतर, सचिवांना आदरार्थी बहुवचन देऊन, उतारा असा होतो :

‘सचिवांनी आपल्या कार्यालयात तयार केलेला अहवाल समितीने नाकारला. पुढच्या बैठकीत त्यांना बोलावण्यात आले आणि त्यांनी आपले स्पष्टीकरण दिले.’

या आदरार्थी रूपांत सचिव स्त्री असल्याची खूण पुसली जाते. ती माहिती उताऱ्यात महत्त्वाची असेल, तर ‘महिला सचिवांनी’ असे आरंभीच लिहावे.