हस्ताक्षरतज्ज्ञाचा रिपोर्ट आला म्हणजे केस संपली? या चुका टाळा

एव्हिडन्सचा पेपर असो नाहीतर सिनिअरने हातात दिलेला पहिला दावा, कोणी सही नाकारली की पेन थेट जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम ४५ वर जातं. "तज्ज्ञाचं मत रिलेव्हंट आहे पण निर्णायक नाही" असं एक वाक्य लिहायचं, दोन जजमेंटची नावं टाकायची, झालं. वाक्य बरोबरच आहे हो, पण त्यात प्रॉब्लेम सोडवलेला कुठे आहे? कोर्टाने त्या रिपोर्टवर किती विसंबायचं हे समोरचे फॅक्ट्स बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हणून एकच प्रॉब्लेम घेऊ आणि त्यातच चुका कुठे होतात ते बघू.

वादी म्हणतो की मार्च २०१३ मध्ये प्रतिवादीने जमिनीचं साठेखत करून दिलं, पाच लाख इसार रोख घेतला आणि सही केली. २०१५ मध्ये दावा दाखल, तो अजून चालूच आहे. प्रतिवादीची कैफियत एका ओळीत: सही माझी नाही. वादीने स्वतःची साक्ष दिली, साठेखतावरच्या एका साक्षीदाराला आणलं, तो म्हणतो माझ्यासमोर सही झाली. आदल्या दिवशी बँकेतून पाच लाख काढल्याची वादीच्या खात्यातली नोंद आहे. प्रतिवादीने खाजगी हस्ताक्षरतज्ज्ञ आणला, त्याने साठेखताच्या झेरॉक्सवरची सही वकीलपत्र आणि कैफियतीवरच्या सह्यांशी ताडून पाहिली आणि दीड पानाचा रिपोर्ट दिला की दोन्ही सह्या एकाच माणसाच्या नाहीत. आता सही प्रतिवादीची आहे की नाही, ते ठरवा.

पहिली चूक कायद्यातच होते. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला म्हणून हल्ली सगळे डोळे झाकून नवे नंबर लिहितात. पण नव्या कायद्याचं कलम १७० सांगतं की त्या तारखेला जे काही पेंडिंग होतं ते जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टनेच चालेल. आपला दावा २०१५ चा, म्हणजे इथे तज्ज्ञासाठी ४५, ओळखीच्या माणसाच्या मतासाठी ४७, मताच्या कारणांसाठी ५१, सही सिद्ध करण्यासाठी ६७ आणि कोर्टाने स्वतः तुलना करण्यासाठी ७३. दावा नवा असता तर हेच अनुक्रमे ३९, ४१, ४५, ६५ आणि ७२ झालं असतं. यातही एक गंमत आहे, जुन्या कायद्यात ४५ म्हणजे तज्ज्ञ आणि नव्यात ४५ म्हणजे त्याच्या मताची कारणं, त्यामुळे नुसतं "कलम ४५" लिहून पुढे गेलात तर वाचणाऱ्याला कळत नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय.

दुसरी चूक पुराव्याच्या बोजाची. प्रतिवादी सही नाकारतोय मग त्यानेच ती खोटी आहे हे सिद्ध करावं, असं कित्येक जण लिहितात. असं नाहीये. कागदावर जो उभा आहे त्यानेच ६७ खाली सही सिद्ध करायची, म्हणजे वादीने. कोर्टाचा निशाणी क्रमांक पडला म्हणून कागद सिद्ध होत नाही, तो फक्त रेकॉर्डवर येतो. थिरुवेंगडम पिल्लई विरुद्ध नवनीतम्मल (२००८) मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं की नाकारणाऱ्याने तज्ज्ञ आणला नाही म्हणून बोजा त्याच्यावर सरकत नाही. आणि सही सिद्ध करायचे रस्ते बरेच आहेत: समोरच्याची कबुली, सही करताना पाहणारा साक्षीदार, त्याची सही नेहमी पाहणारा किंवा त्याच्याशी पत्रव्यवहार असलेला माणूस, तज्ज्ञ, आणि शेवटी कोर्टाची स्वतःची नजर. तज्ज्ञ हा यातला एक रस्ता आहे, एकमेव नाही. आपल्या प्रॉब्लेममध्ये वादीने प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आणलाय, त्यामुळे त्याने तज्ज्ञ आणला नाही एवढ्यावरून दावा पडत नाही.

आता खरी मेख, तुलना कशाशी केली. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त केसेस इथेच बिघडतात आणि उत्तरांमध्ये याच्यावर एक ओळही नसते. वकीलपत्र आणि कैफियतीवरच्या सह्या वाद सुरू झाल्यानंतरच्या आहेत. माणसाला माहीत आहे की माझी सही तपासली जाणार आहे, तो थोडी वळणं बदलून सही करू शकतो, आणि मुद्दाम नाही बदलली तरी दोन वर्षांत सही थोडीफार बदलतेच. म्हणून मान्य सह्या वादाच्या आधीच्या आणि वादग्रस्त सहीच्या आसपासच्या काळातल्या हव्यात, आणि एक-दोन नाही तर बऱ्याच. इथे प्रतिवादीने २०१२ मध्ये सोसायटीला दिलेला कर्जरोखा असेल, २०११ चं रजिस्टर्ड खरेदीखत असेल, बँकेचं सही कार्ड असेल, ते का मागवले नाहीत? ७३ मध्ये अटही आहे की ज्या सहीशी ताडायचं ती मान्य तरी हवी नाहीतर कोर्टाचं समाधान होईल अशी सिद्ध तरी हवी, नाहीतर एका संशयित सहीची दुसऱ्या संशयित सहीशी तुलना होऊन बसते.

आणि झेरॉक्स! झेरॉक्सवर पेनाचा दाब दिसत नाही, पेन कुठे उचललं ते धड कळत नाही, रेघेवर पुन्हा रेघ ओढली का ते कळत नाही. बनावट सही पकडायची तर हेच बघायचं असतं. नक्कल करणारा माणूस सही लिहीत नाही तर काढतो, त्यामुळे रेघ संथ येते, दाब सगळीकडे सारखा राहतो, अक्षराच्या मध्येच जिथे खरा माणूस थांबत नाही तिथे पेन थांबतं. म्हाताऱ्या माणसाचा हातही थरथरतो, पण त्याची सवयीची झटकन ओढलेली शेवटची रेघ बहुतेक वेळा तशीच निघते, नक्कल करणाऱ्याची तीसुद्धा जपून येते. अजून एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते: दोन खऱ्या सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एकावर एक ठेवून हुबेहूब बसली तर ट्रेसिंगचा संशय घ्यायचा. म्हणजे "फरक आहे" हे एकटं काहीच सांगत नाही, तो फरक त्या माणसाच्या नेहमीच्या चढउतारात बसतो का ते सांगायला हवं, आणि ते दोन सह्या बघून सांगताच येणार नाही.

इथून रिपोर्टकडे या. बरेच जण रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद वाचतात आणि थांबतात. ५१ प्रमाणे मताची कारणंही रिलेव्हंट आहेत, आणि कोर्टाला निष्कर्षापेक्षा कारणं जास्त उपयोगी पडतात कारण ती कोर्ट स्वतः तपासू शकतं. दीड पानाच्या रिपोर्टमध्ये मोठे केलेले फोटो नाहीत, कुठलं अक्षर, कुठलं वळण, किती साम्य, किती फरक काही नाही, तर त्याला वजन कसं देणार? शिवाय पक्षकाराने आणलेल्या तज्ज्ञाचा रिपोर्ट नुसता दाखल करून चालत नाही, तो पिंजऱ्यात यायला हवा, उलटतपास व्हायला हवा. तिथे विचारायचं साधंच असतं: मूळ कागद पाहिला का, किती मान्य सह्या घेतल्या, कुठल्या वर्षाच्या, साम्यं कुठली दिसली आणि ती रिपोर्टमध्ये का नाहीत. यातल्या दोन प्रश्नांना जरी "नाही" आलं तरी रिपोर्ट लंगडा होतो. दिवाणी दाव्यात ऑर्डर २६ रूल १०ए खाली कोर्टाने कमिशन म्हणून तज्ज्ञ नेमला तर गोष्ट वेगळी, तो रिपोर्ट रेकॉर्डचा भाग होतो, अर्थात तिथेही त्याला तपासायला बोलावता येतं.

मग विसंबायचं किती? इथे दोन टोकं आहेत आणि दोन्ही चुकीची. एक टोक म्हणजे मगन बिहारी लाल (१९७७) वाचून लिहायचं की दुजोऱ्याशिवाय हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत कधीच चालत नाही. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश (१९८०) मध्ये सुप्रीम कोर्टाने हे साफ केलं की असा कायद्याचा नियम नाही. हस्ताक्षरशास्त्र बोटांच्या ठशांइतकं पक्कं नाही म्हणून सावध राहायचं, कारणं तपासायची, बाकीचा पुरावा बघायचा, पण कारणं पटण्यासारखी असली आणि शंका घ्यावी असा विश्वासार्ह पुरावा समोर नसला तर एकट्या मतावरही जाता येतं. दुसरं टोक म्हणजे रिपोर्ट आला की साक्षीदाराला बाजूला सारायचं. चेन्नाडी जलपती रेड्डी (२०१९) मध्ये साठेखताच्याच दाव्यात हायकोर्टाने तज्ज्ञाच्या मतावर भर देऊन वादीचा हुकूमनामा उलटवला होता, सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला.

राहिलं ७३. "कोर्ट स्वतः तुलना करू शकतं" हे खरंच आहे, तज्ज्ञ नसला तरी करू शकतं. पण न्यायाधीश तज्ज्ञाच्या खुर्चीत बसत नाहीत. थिरुवेंगडममध्येच सांगितलंय की सहज नजर टाकून निष्कर्ष काढायचा नाही, तुलना केली तर कशात साम्य दिसलं ते निकालात लिहायचं. आणि अजित सावंत मजगावी (१९९७) म्हणतं की थोडीही शंका असली तर ते तज्ज्ञावर सोडावं. "उघड्या डोळ्यांना सही जुळते" एवढंच लिहिलेला निकाल अपिलात टिकवणं अवघड जातं.

आपला प्रॉब्लेम आता सुटतो. तज्ज्ञाने झेरॉक्स वापरली, वादानंतरच्या सह्या घेतल्या, कारणं दिली नाहीत, म्हणून त्याच्या मताला फार थोडं वजन. पाहणारा साक्षीदार उलटतपासात टिकला असेल तर त्याला बँकेच्या नोंदीचा टेकू आहे, पण नोंद फक्त पैसे काढले एवढंच सांगते, दिले हे नाही, हेही लिहा, परीक्षक किंवा न्यायाधीश दोघांनाही ते आवडतं. दिवाणी दावा आहे, संभवनीयतेचं पारडं बघायचं, त्यावर सही सिद्ध झाली असं म्हणता येईल. पण याच फॅक्ट्समध्ये एवढाच बदल करा की साक्षीदार उलटतपासात म्हणाला "मी नंतर आलो, सही आधीच झालेली होती", तर वादीकडे स्वतःचा शब्द आणि बँकेची एक नोंद उरते, आणि प्रतिवादीचा रिपोर्ट कितीही कच्चा असला तरी त्या कच्चेपणातून प्रतिवादीची सही सिद्ध होत नाही. तेव्हा वादीने मूळ साठेखत आणि २०११-१२ च्या सह्या घेऊन तज्ज्ञ नेमायचा अर्ज द्यायला हवा होता, आणि तो पुरावा बंद व्हायच्या आत.