रेकॉर्डिंगमधली ऑफर कागदावर उतरवताना

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाचीला पुण्याच्या एका कंपनीच्या एचआरचा फोन आला. ‘सिक्स लॅक्स सीटीसी, महिन्याभरात जॉइन व्हा,’ असं बोलणं झालं. कॉल रेकॉर्ड करतेय हे तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. घरी मात्र लगेच बारा महिन्यांनी भागून पन्नास हजारांचा हिशोब सुरू झाला!

मी तिला रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. सगळं बोलणं उतरवत बसायचं नाही. आकडा, तारीख किंवा अट आली की थांबवायचं आणि कितव्या मिनिटाला, नेमक्या कोणत्या शब्दांत म्हणाल्या ते वहीत घ्यायचं. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा दोनदा ऐकायचा आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. अंदाजाने भरायचं नाही.

आता सहा लाख सोडवू. सीटीसी म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. साठ हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेरीला मिळाले तर मिळाले. बेसिक महिना 25,000. कंपनीचा पीएफचा वाटा त्याच्या 12 टक्के, वर्षाला 36,000. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी वर्षाला 14,430. विम्याचे 9,570. हे सगळं वजा जाता 4,80,000 उरतात, महिना 40,000. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 36,800. (फेब्रुवारीत कर 300 असतो.) पीएफ बुडत नाही, तिच्याच खात्यात राहतो, पण त्यातून घरभाडं देता येत नाही.

सध्या चिंचोळी एमआयडीसीत तिला 27,000 हातात पडतात आणि ती घरी राहते. म्हणजे फरक 9,800 चा. पुण्यात खोली आणि डबा यांतच तो संपेल, हे तिलाच दिसलं. अनुभवासाठी जावं की नाही, हा मग वेगळा प्रश्न.

तारखेचा घोळ आणखी मोठा. आत्ताच्या नोकरीत नोटीस साठ दिवसांची, समोरून मागणी तीस दिवसांची. मधले दिवस पैसे भरून सोडवायचे तर ते कोण भरणार, याबद्दल रेकॉर्डिंगमध्ये अवाक्षर नव्हतं. म्हणून आमच्या तक्त्यात ‘सध्याची नोकरी’ आणि ‘ऑफर’ यांच्याशेजारी तिसरा रकाना होता, ‘बोलणं झालंच नाही’. सर्वांत उपयोगी तोच ठरला. शिवाय लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, हे मी तिला निक्षून सांगितलं.

त्या रकान्यातून तिने छोटं ईमेल केलं: ‘आपल्या बोलण्यातून मला असं समजलं, चुकलं असेल तर कळवा.’ खाली आकडे आणि दोनच प्रश्न, नोटिशीचे पैसे कोण भरणार आणि व्हेरिएबल कधी मिळणार. उत्तर आलं. साठ दिवस थांबायला कंपनी तयार होती. व्हेरिएबल मात्र रुजू झाल्याच्या तारखेपासूनच मोजणार आणि 31 मार्चला नोकरीत असलेल्यांनाच देणार. ती जानेवारीत रुजू झाली तर पहिल्या वर्षी साठ हजारांऐवजी जास्तीत जास्त पंधरा हजार.